पाच-दहा

हरवलेल्या माणसाचं वर्णन सांगताना नातेवाईक सगळ्यात जास्त कुठे अडखळत असतील, तर उंचीला. नाव, वय, अंगातला शर्ट, पायातली चप्पल, गालावरचा तीळ हे सगळं घडाघडा येतं. आई असेल तर स्वेटरला कुठल्या रंगाचं बटण बदलून लावलंय तेही सांगते. पण "उंची?" म्हटलं की ती नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे बघतो आणि मग हात हवेत एका जागी धरून म्हणतो, "असेल बघा, एवढा."

माझी पोलीस खात्यातली नोकरी चौतीस वर्षांची. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं अक्षर बरं म्हणून लिखापढीला गेली. खबरी लिहायच्या, मिसिंग दाखल करायच्या, अटकेचे फॉर्म भरायचे. प्रथम खबरी अहवालात संशयिताच्या माहितीचा जो तक्ता असतो, त्यात बांधा, रंग यांच्या जोडीला उंचीचा रकाना आहे आणि त्यात कंसात छापलंय, से.मी. अटकेच्या फॉर्मातही तेच. समोर बसलेला माणूस मात्र आयुष्यात कधी सेंटिमीटरमध्ये उंची बोललेला नसतो. कापड मीटरनं घेणारा, दूध लिटरनं घेणारा माणूस सोनं तोळ्यात, जमीन गुंठ्यात आणि उंची फुटात सांगतो. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती लागू व्हायला लागली. बाजारातले शेर, मण गेले. माणसांच्या उंचीतले फूट-इंच काही गेले नाहीत, लग्नाच्या बायोडाट्यात तर अजिबातच नाहीत.

तर फूट-इंचाचं सेंटिमीटर करणं हे माझ्या टेबलावरचं रोजचं काम होतं. एवढ्याशा हिशेबात चूक ती काय होणार, असं मलाही वाटायचं.

एका संध्याकाळी दोन भाऊ आले. एकाहत्तर वर्षांचे वडील सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले होते, ते परतले नव्हते. वर्षभरापासून विसरायला लागले होते. मी ठाणे अंमलदार होतो. माझ्या शेजारी नवा शिपाई लिहायला बसला होता. मोठ्या भावाला उंची विचारली, तो म्हणाला, "पाच-दहा असतील." मराठीत पाच-दहा म्हणजे पाच-दहा मिनिटं, पाच-दहा माणसं, म्हणजे नक्की आकडा नाहीच. पण उंचीच्या बाबतीत तो शब्द नेमका असतो. पाच फूट दहा इंच. शिपायानं कच्च्या कागदावर लिहिलं, ५.१०. मी बघितलं आणि पुढे सरकलो. सगळेच तसं लिहितात, मीही लिहायचो.

रात्री दुसऱ्या शिपायानं ती माहिती संगणकात भरली. तो त्या दोन भावांना भेटला नव्हता, त्याच्यासमोर फक्त कागद होता. रकान्यात से.मी. हवे होते. एका फुटाचे सेंटिमीटर ३०.४८ हे त्याला ठाऊक होतं. मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरवर त्यानं ५.१० गुणिले ३०.४८ केलं. उत्तर आलं १५५.४४८. पोरगा नीटनेटका, त्यानं दशांशापुढचं सोडून १५५ लिहिलं. रात्री अकराला शोधपत्रिका तयार झाली: वय ७१, रंग गव्हाळ, बांधा मजबूत, उंची १५५ से.मी.

तो गुणाकार अगदी बरोबर होता. फक्त तो गुणाकार त्या म्हाताऱ्याचा नव्हता. कॅल्क्युलेटरला ५.१० म्हणजे पाच पूर्णांक एक दशांश. शेवटच्या शून्याला त्याच्या लेखी किंमत नाही. पाच फूट आणि फुटाचा एक दशांश, म्हणजे पाच फूट सव्वा इंचाच्या आसपास. प्रत्यक्षात हिशेब असा होता: पाच फुटांचे साठ इंच, वरचे दहा, झाले सत्तर इंच. सत्तर गुणिले २.५४ म्हणजे १७७.८. आमच्या पत्रिकेतून एका उंच माणसाचे बावीस सेंटिमीटर, जवळजवळ वीतभर अंग कापलं गेलं होतं.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ सापडले. शेजारच्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशनवरून कुणीतरी त्यांना सरकारी रुग्णालयात आणून सोडलं होतं. नाव सांगता येत नव्हतं. तिथल्या ठाण्यात आमची पत्रिका पहिल्याच दिवशी पोचली होती आणि तिथल्या हवालदारानं ती वाचलीही होती. रुग्णालयातला अनोळखी माणूस बघून आल्यावर त्यानं ती ताडूनही बघितली. वय जुळत होतं, रंग जुळत होता. पण कागदावर १५५ आणि समोर खाटेच्या बाहेर पाय गेलेला माणूस. त्यानं कागद बाजूला ठेवला. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता. शेवटी धाकटा भाऊ फोटो घेऊन गावोगावची रुग्णालयं फिरत तिथे पोचला. संध्याकाळी त्या हवालदाराचा मला फोन आला. "अहो, तुमचा एकशेपंचावन्नवाला सहा फुटाला टेकलाय की." हसत म्हणाला, पण मला हसता आलं नाही.

त्या रात्री मी जुन्या मिसिंगची बाडं काढून बसलो. चूक एकट्या त्या पोराची आहे की आमच्या सगळ्यांची, ते बघायचं होतं. ती सगळ्यांची निघाली. आणि तिची एक गंमत ध्यानात आली, ती इथे नीट सांगतो, कारण ही चूक पोलीस ठाण्यातच होते असं नाही. विम्याच्या फॉर्मात होते, वैद्यकीय प्रमाणपत्रात होते, जिथे जिथे रकान्यात से.मी. असतात तिथे होते.

टिंब देऊन लिहिलेली उंची सरळ गुणली, तर नऊ इंचांपर्यंत माणूस वाढतो. ५.४ लिहिलेला माणूस असतो १६२.५६ चा, पण गुणाकारात १६४.६ चा होतो. दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. ५.९ चा असतो १७५ चा आणि होतो जवळपास १८० चा. इथवर चूक वाढत जाते, पण दिसत नाही, कारण उंच माणूस थोडा आणखी उंच दिसतो एवढंच. आणि दहा इंचाला कडेलोट होतो. ५.९ चा माणूस १८० वर आणि त्याच्याहून एक इंच उंच असलेला ५.१० चा माणूस एकदम १५५ वर. ५.११ चाही तसाच, १५५.८. म्हणजे आमच्या दप्तरात पाच-दहा आणि पाच-अकरा उंचीची सगळी माणसं बुटकी होऊन बसली होती. ज्यांना शोधणं खरं तर सगळ्यात सोपं, कारण गर्दीत उठून दिसतात, तीच.

ही चूक पकडायला कॅल्क्युलेटर लागत नाही. पाच फूट म्हणजे १५२.४, एवढा एकच आकडा पाठ असला तरी पुरे. पाच फुटांवर एक इंच गेला की अडीच सेंटिमीटर वाढतात. मग "पाच फूट आणि वर बरेच इंच" सांगितलेला माणूस १५५ कसा असेल? सहा फूट म्हणजे १८३ ला किंचित कमी. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या माणसांची उंची या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी बसते. रकान्यात आकडा लिहिण्याआधी तो त्या दोन दगडांच्या मध्ये कुठे पडतो हे बघायचं. पाच-सहा असेल तर बरोब्बर मधोमध पडला पाहिजे, १६७ किंवा १६८ ला.

टिंबाचा दुसरा घोटाळा मात्र शुद्ध मराठी आहे आणि त्याला गणिताची ही युक्ती चालत नाही. खेड्यातला माणूस पुष्कळदा इंच सांगतच नाही. तो म्हणतो सव्वापाच फूट, साडेपाच फूट, पावणेसहा फूट. सव्वापाच म्हणजे पाच फूट तीन इंच, साडेपाच म्हणजे पाच-सहा, पावणेसहा म्हणजे पाच-नऊ. आता साडेपाच कागदावर कसे लिहिणार? ५.५. आणि शेजारच्या टेबलावर दुसरा शिपाई पाच फूट पाच इंच कसे लिहितो? ५.५. पहिला माणूस १६७.६४ सेंटिमीटरचा, दुसरा १६५.१ चा. दोघांच्या कागदावर तोच आकडा आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. तो कागद रात्री दुसऱ्याच्या हातात गेला की यातला कुठला माणूस कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. १५५ ची चूक निदान आरडाओरडा करते. ही मुकाट बसते.

म्हणून मी आमच्या ठाण्यात टिंबच बंद केलं. फूट आणि इंच हे शब्द अक्षरात लिहायचे, "पाच फूट दहा इंच". खुणाही नकोत. इंचाच्या त्या दोन तिरक्या रेघा घाईच्या अक्षरात अकरासारख्या दिसतात आणि देवनागरीतला ओढून काढलेला १ पुष्कळदा ९ वाटतो. एका जुन्या नोंदवहीत पाच-एकचा माणूस पाच-नऊचा झालेला मी स्वतः बघितलाय. आणि काही पोरं तीच नोंद संगणकाच्या तक्त्यात 5-10 अशी टाकायची, तर तक्ता त्याची तारीख करून मोकळा, पाच ऑक्टोबर.

आकडा बरोबर काढला तरी काम संपत नाही, हे मला कोर्टात कळलं.

जबरी चोरीचा गुन्हा होता. रात्री साडेआठच्या सुमाराला, गल्लीत दिवा नव्हता. फिर्यादी बाईंनी सांगितलं, गळ्यातलं ओढून पळालेला मुलगा "असेल साडेपाच फुटाचा". आमच्या लिहिणाऱ्यानं सहासष्ट इंच धरले, २.५४ नं गुणले, आलेलं उत्तर रकान्यात उतरवलं: १६७.६४. गणित चोख. पुढे मुलगा सापडला, अटकेच्या वेळी मोजला, तर १७२ भरला. खटल्यात बचावाचे वकील उलटतपासाला उभे राहिले आणि त्यांनी बाईंना अगदी गोड आवाजात विचारलं, की अंधारात, पळत्या माणसाची उंची तुम्ही सेंटिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत कशी मोजलीत? बाई म्हणाल्या, मी असलं काही बोललेच नाही. ते खरंच होतं. त्या साडेपाच फूट बोलल्या होत्या. पुढचे चौसष्ट शतांश आम्ही त्यांच्या तोंडी घातले होते. आणि आरोपी निघाला १७२ चा, म्हणजे पाच फूट पावणेआठ इंच. अंधारात साडेपाच म्हणणाऱ्या बाईंच्या अंदाजात तो आरामात बसत होता. १६७.६४ मध्ये बसत नव्हता.

एका इंचाचे नेमके २.५४ सेंटिमीटर हे मोजणाऱ्यांचं ठरलेलं नातं आहे. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि आणखी काही देशांनी मिळून यार्डाची लांबी कायमची ठरवली, तेव्हापासून त्यात वाद नाही. पण नातं नेमकं असलं म्हणून सांगणाऱ्याचा अंदाज नेमका होत नाही. बोलताना माणूस इंचाच्या खाली जात नाही. पाच-चार म्हणतो तेव्हा तो साडेतीन ते साडेचारच्या मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे मुळातच अडीच सेंटिमीटरचा सैलपणा. तो अंधारातला अंदाज असेल तर चार बोटं इकडे आणि चार बोटं तिकडे. त्याचं रूपांतर करून दशांशाचे दोन अंक लिहिणं म्हणजे न मोजलेली गोष्ट मोजली म्हणून लिहिणं. तेव्हापासून मी अंदाजाच्या उंचीला दशांश लावू दिला नाही. जिथे जागा असेल तिथे "१६५ ते १७०" असं लिहायचं, एकच आकडा मागत असेल तर १६८, आणि खाली मजकुरात फिर्यादीचेच शब्द ठेवायचे, "अंदाजे साडेपाच फूट". रकाना सरकारचा, मजकूर बोलणाऱ्याचा.

भिंतीचा किस्सा यातच येतो. अटकेतल्या माणसाची उंची घ्यायला आमच्याकडे भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी होती, डावीकडे फूट, उजवीकडे सेंटिमीटर. गावातल्या पेंटरनं काढून दिली होती, अक्षर सुरेख. वर्षानुवर्षं तिच्यावर माणसं मोजली. एकदा सुतार काम करायला आला होता, त्याचा स्टीलचा टेप टेबलावर पडला होता म्हणून सहज लावून बघितला. उजवीकडचे सेंटिमीटर बरोबर होते. डावीकडची सहा फुटांची रेघ १८० च्या समोर होती. ती १८२.८८ ला हवी. पाच फूट १५० ला होते, ते १५२.४ ला हवेत. पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, फूटपट्टीनं आखलंय, एकेक फूट मोजून. बरोबर होतं त्याचं. शाळेतली पट्टी. आपण तिला फूटपट्टी म्हणतो, पण ती असते तीस सेंटिमीटरची, फुटाला अर्धा सेंटिमीटर कमी. दुसऱ्या कडेला इंच छापलेले असतात ते नीट बघितले तर पुष्कळ पट्ट्यांवर बारावा इंच पुरता होतच नाही, पट्टी बाराच्या आधीच संपलेली असते. एकेका फुटाला अर्ध्या सेंटिमीटरची चोरी, सहा फुटांत जवळजवळ तीन सेंटिमीटर. तोंडी हिशेब करणारेही हेच करतात. फुटाला तीस, इंचाला अडीच. पाच-दहाचे मग १७५ होतात, १७८ च्या जागी. फार घोडचूक नाही, पण मोजपट्टीवर शोभत नाही. मी डावी बाजू पांढरा रंग मारून पुसून टाकली. फूट वाचणारा कुणी नसला की रूपांतरही नाही आणि चूकही नाही.

मिसिंगच्या बाबतीत हाच धडा मी थोड्या वेगळ्या रीतीनं वापरायला लागलो, आणि माझ्या नोकरीत मी काही शहाणपण केलं असेल तर ते हेच. नातेवाइकाला उंची विचारायचीच नाही. विचारायचं, "ते तुमच्या कुठपर्यंत येतात?" याचं उत्तर लगेच येतं आणि जवळपास नेहमी बरोबर असतं. बायको म्हणते, माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागतं. मुलगा म्हणतो, मी त्यांच्यापेक्षा बोटभर उंच. आई म्हणते, ती आता माझ्या कानाच्या वर गेलीय. मग बोलणाऱ्यालाच चपला काढून भिंतीला उभं करायचं, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर वही आडवी धरायची, अंबाडा असेल तर बाजूला करायला सांगायचा. त्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची. आणि मग त्याच्याच हातानं भिंतीवर बोट ठेवायला लावायचं, "ते कुठपर्यंत येतात ते दाखवा." त्या बोटाखालचा आकडा लिहायचा. एकदा एका सातवीतल्या मुलीनं तिच्या आजीची उंची अशी दाखवली, तिच्या स्वतःच्या कपाळावरच्या टिकलीच्या रेषेत. आकडा आला १४६. तिचे वडील तोवर पाच फूट, पाच फूट म्हणत होते. आजी सापडली तेव्हा मी मुद्दाम मोजली, १४५ भरली. मुलीच्या टिकलीनं एका सेंटिमीटरची चूक केली होती, वडिलांच्या पाच फुटांनी सात सेंटिमीटरची.

वडिलांचे ते पाच फूट कुठून आले असतील याचाही मला अंदाज आहे. घरातल्या माणसाची उंची म्हणून आपल्या डोक्यात जो आकडा असतो, तो कधीतरी लग्नाच्या वेळेला कुणीतरी सांगितलेला असतो. तो मुळात इंचभर वाढवून सांगितलेला असतो आणि त्यानंतर चाळीस वर्षं कुणी बदललेला नसतो. माणूस मात्र म्हातारपणी खुजा होतो. मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, पाठ वाकते.

निवृत्त झाल्यावर हा विषय संपला असं वाटलं होतं. पण गल्लीतली पोरं पोलीस भरतीची तयारी करतात आणि मी पोलीस म्हणून माझ्याकडे येतात. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली. तिची उंची पाच-एक. शिपाई भरतीला महिलांना किमान १५५ सेंटिमीटर लागतात. तिनं मोबाईलवर बघितलं होतं, त्यात पाच-एकचे १५५ आले होते, म्हणून खुशीत होती. मी कागद घेतला. एकसष्ट इंच, गुणिले २.५४, बरोबर १५४.९४. मोबाईलनं जवळचा पूर्ण आकडा दाखवला होता. अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त तूट. पुरुषांची गंमत उलटी आहे. त्यांना १६५ लागतात आणि पाच-पाच म्हणजे १६५.१, एका मिलिमीटरनं पार. राज्य राखीव दलाला १६८ लागतात आणि पाच-सहा म्हणजे १६७.६४, पुन्हा कमी, आणि पुन्हा मोबाईल १६८ दाखवणार.

मुलीचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, "बाळ, हा तुझा आकडाच नाही. पाच-एक कुणी काढलं?" म्हणाली, शाळेत नववीत असताना सरांनी मोजलं होतं. पायात बूट होते का, आठवत नाही. त्यानंतर वाढली का, माहीत नाही. म्हणजे नववीतल्या एका पाच-एकवर, ज्यात खाली-वर अर्धा इंच सहज मावतो, आम्ही दोघं अर्ध्या मिलिमीटरचं भांडण करत बसलो होतो. तिला माझ्या घरातल्या भिंतीला उभं केलं. ही पट्टी मी निवृत्तीनंतर स्वतः लावलीय, स्टीलच्या टेपवरून, फक्त सेंटिमीटरची. सकाळी आली होती तेव्हा १५६.२ भरली. संध्याकाळी खेळून आल्यावर पुन्हा ये म्हटलं, तेव्हा १५५.४. दिवसभरात मणका दाबला जाऊन एवढा फरक पडतोच, सेंटिमीटरभरही पडतो. दोन्ही वेळा पार. मैदानावर मोजायला उभी राहिलीस की टाचा भिंतीला लाव, हनुवटी वर करू नकोस, हनुवटी वर केली की डोक्याचा माथा मागे जातो आणि उंची कमी भरते, एवढं तिला सांगितलं. फॉर्म तिनं भरला.

त्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांचा मोठा मुलगा अजून कधीमधी बाजारात भेटतो. वडील पुढे तीन वर्षं होते. रुग्णालयातून आणल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांनाही दाराजवळ उभं करून मोजलं होतं. पाच-दहा नव्हते. १७५ होते, पाच फूट नऊ इंचाला थोडे कमी. पाच-दहा हा आकडा त्यांच्या लग्नाच्या वेळचा होता, असं त्यांच्या पत्नीनं सांगितलं.

तुमच्या घरात विसरायला लागलेलं कुणी वयस्क माणूस असेल, तर या रविवारी त्यांना अनवाणी भिंतीला उभं करा, टेपनं सेंटिमीटरमध्ये मोजा आणि तो आकडा तारखेसह त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवा. टिंब देऊ नका.